‘स्वतः करून पाहात जा’ म्हणणाऱ्या भाऊंना

«भाऊ, तुमचा लेख वाचून एम३ इन्सर्टसाठी ४ मिमीचं भोक ठेवलं. चारपैकी दोन बॉस उभे तडकले. मग बॉस १० मिमी जाड केला, तर इन्सर्ट स्क्रूबरोबर गरगर फिरतो. ६ मिमी खोलीही पुरत नाही, स्क्रू तळाला टेकतो. कोणत्या प्लास्टिकला काय, तेही नाही. आकडे कॉपी-पेस्ट करण्याआधी एकदा स्वतः करून पाहात जा.»

भाऊ, थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या डब्यांत पितळी इन्सर्ट बसवण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही हे लिहिलंत. इन्सर्ट म्हणजे तापवून प्लास्टिकमध्ये बसवायची आट्यांची पितळी नळी, आणि बॉस म्हणजे ती ज्यात बसते तो डब्यातला गोल खांब. शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करतो, कारण बाकीचं मी एकदा वाचलं आणि ते चारदा.

मी मोर्शी तालुक्यातल्या खेड्यात राहतो. वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, माझं आयटीआय फिटरचं. संत्र्याच्या बागेतल्या ठिबकच्या टायमरचे डबे छापतो. त्यांची झाकणं महिन्यातून दोनदा तरी उघडावी लागतात, म्हणून तर पितळी इन्सर्टच्या भानगडीत पडलो. पहिल्या डब्याचं काय झालं ते ऐका. रात्रपाळीची लाइन, टायमर अडकलेला, एका हातात टॉर्च. स्क्रू फिरवतो तर आतलं पितळ त्याच्यासोबत फिरतंय. स्क्रू ना आत जातो, ना बाहेर येतो. शेवटी पकडीनं झाकण तोडून डबा उघडला. बागमालक म्हणाले, ‘काऊन बाप्पा, नवाच होता ना डबा?’ त्या डब्याचे बॉस किती मिमीचे होते सांगू? १० चेच. तेव्हा करून पाहण्याबद्दल मला तरी कोणी शिकवू नये.

आता तो इन्सर्ट का फिरतो ते. तुम्हाला वाटलं बॉस जाड केला म्हणजे भोकाभोवतीची भिंत जाड झाली. ड्रॉइंगमध्ये झाली, छापताना नाही. १० मिमीचा बॉस, मधे ४ चं भोक, म्हणजे कागदावर ३ मिमी भिंत. पण स्लायसरमध्ये, म्हणजे ड्रॉइंगचे थर पाडून प्रिंटरला देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, `Wall loops` २ असेल, तर प्रिंटर भोकाच्या कडेनं दोन रेघा ओढतो आणि बाहेरच्या कडेनं दोन. रेघ साधारण ०.४५ मिमी धरली तर भोकाला मिळालं ०.९ मिमी ठोस प्लास्टिक. मधल्या मिमीभराच्या जागेत इन्फिलची विरळ जाळी, तीही १५ टक्के म्हणजे बहुतेक हवाच. गरम इन्सर्ट त्या ०.९ ला वितळवतो, आणि जे प्लास्टिक त्याच्या बाहेरच्या खाचांत भरून घट्ट बसायला हवं ते मागच्या पोकळीत सरकतं. धरायलाच काही नाही, मग पितळ फिरणार नाही तर काय करणार?

विश्वास नसेल तर तुमचा फिरणारा बॉस हॅकसॉनं उभा कापा. पातं इन्सर्टवर आणू नका, शेजारून कापा. दोन रेघा आणि मागे जाळी दिसेल. मी कापला होता, अजून टेबलावर पडलाय, चहाचा डाग लागलाय त्याला.

म्हणून मी जाडी मिमीत न मोजता रेघांत मोजतो. माझ्या इन्सर्टचा बाहेरचा व्यास ४.६, लांबी ५.७. बॉस ८ मिमीचा, भोक ४ चं. भिंत उरली २ मिमी, आणि `Wall loops` ४. आतून चार, बाहेरून चार म्हटलं की दोन्हीकडच्या रेघा मधे येऊन भेटतात आणि ती २ मिमी पूर्ण ठोस छापली जाते. इन्सर्ट बसल्यावर त्याच्याबाहेर १.७ मिमी राहतं. एम३ ला मी १.६ च्या खाली जात नाही. म्हणजे तुमच्या १० पेक्षा माझा ८ चा बॉस मजबूत, हे वाचायला विचित्र वाटतं खरं.

आणि तडकण्याचा दोष भोकाच्या आकड्यावर ढकलताय ना, तर एक सांगा, छापून झाल्यावर भोक मोजलं का? ४.० हा तयार भोकाचा आकडा आहे, ड्रॉइंगचा नाही. छापलेलं भोक लहानच येतं. वर्तुळ म्हणजे ड्रॉइंगच्या एसटीएल फाइलमध्ये छोट्या सरळ तुकड्यांची माळ, ती खऱ्या वर्तुळाच्या आतून जाते. त्यात वळणावर गरम रेघ आतल्या बाजूला ओढली जाते आणि थंड होताना आकसते. माझ्या मशीनवर ४.० काढलेलं भोक ३.८ येतं, म्हणून मी ड्रॉइंगमध्ये ४.२ ठेवतो. लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात हे आहे. तक्त्यात नाही, हे मान्य, पण लेख तक्त्यापुरता वाचायचा नसतो. मोजायला व्हर्नियरची टोकं गोल भोकात नीट बसत नाहीत. ४ मिमीच्या ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा घ्या. तो किंचित घासत आत गेला पाहिजे. बोटानं दाबूनही जात नसेल तर भोक लहान आहे, सळसळ गेला तर मोठं.

त्यातही माझा अंदाज असा की तुमचे दोन बॉस भोकामुळे एकटे तडकले नाहीत. पुरेसा तापलेला इन्सर्ट लहान भोकात घातला तर बॉस फुगतो, पिंपासारखा. उभी चीर पडते ती बहुतेक इन्सर्ट थंड असताना दाबल्यामुळे. चिरेची जागा बघा. प्रत्येक थर जिथे सुरू होतो ती शिवण एकावर एक येऊन उभी रेघ दिसते, आणि जोर लावला की कमकुवत जागा तीच. पीईटीजी प्लास्टिकला मी सोल्डरिंग आयर्न २४५ अंशांच्या आसपास ठेवतो, टोकावर इन्सर्ट थांबू देतो आणि तो जवळजवळ स्वतःच्या वजनानं उतरतो. हाताला जोर जाणवला की थांबायचं. तोंड अगदी थोडं वर राहिलं असताना आयर्न काढून लोखंडी पट्टीनं सपाट दाबायचं. तुम्ही किती घाईत होता ते तुम्हालाच ठाऊक.

खोलीचं तुमचं बरोबर आहे, तक्त्यात ७ ऐवजी ६ पडलं. दुरुस्त केलंय. ५.७ चा इन्सर्ट खाली जाताना वितळलेलं प्लास्टिक पुढे ढकलतो, त्याला जागा लागते. तरी स्क्रूचा हिशेब तुम्हीच करायचा. झाकण ३ मिमी आणि स्क्रू १० चा असेल तर ७ मिमी आत जातो आणि नेमका तळाला टेकतो, मग आवळत राहिलात तर स्क्रू इन्सर्टलाच वर उचलतो. ८ चा स्क्रू घ्या किंवा भोक ८ खोल करा. हे सांगायला इतक्या रागानं लिहायची गरज होती का?

दुसरं प्लास्टिक पीएलए, त्याबद्दल इतकंच की तो ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो, आणि मे महिन्यात विहिरीवर ठेवलेला काळा डबा तिथवर पोचतो. मी शेतात पीएलए लावत नाही, म्हणून लिहिलं नाही.

कापलेल्या बॉसचा फोटो टाका. त्यात चार रेघा सलग दिसल्या आणि तरीही इन्सर्ट फिरला, तर लेख मी स्वतः खोडीन.