टेम्प्लेट, माटोळी आणि अर्धा बँड

«तयार उत्तरांचं टेम्प्लेट पाठ करू नका, हे सांगणं सोपं आहे. मी फोंड्याची, मराठी माध्यमातून शिकलेली नर्स, ब्रिटनमध्ये नोकरी हवी. परीक्षक समोर बसला की डोकं कोरं होतं, म्हणून तर पाठ करते. माझ्या मैत्रिणीला टेम्प्लेटवरच आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत स्पीकिंगला साडेसहा बँड मिळाले. मग त्यात वाईट काय?»

ताई, साडेसहा हेच वाईट. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला रायटिंगमध्ये साडेसहा चालतात, स्पीकिंगमध्ये मात्र सात लागतात. टेम्प्लेट घात करतं ते नेमकं या अर्ध्या बँडात.

परीक्षक चार गोष्टी बघतो: बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. चारही सारख्याच वजनाच्या. पाठांतराचा पाचवा रकाना नाही, त्यामुळे ‘पकडलं तर थेट मार्क कापतात’ असं काही नसतं. नुकसान या चारांतूनच झिरपतं. कसं, ते दुसऱ्या भागात विषय लिहून हातात देतात त्या कार्डावर बघू.

समजा, तुम्ही चवथीवर दोन मिनिटांचं भाषण घोकलंय. ‘देअर आर अ प्लेथोरा ऑफ फेस्टिव्हल्स इन माय कंट्री’ अशी सुरुवात, मग गणपती, आरत्या, नेवऱ्या, गणपतीवर फळं टांगायची माटोळी. आणि कार्ड निघालं: ‘तुम्ही कुणाला तरी मदत केली तो प्रसंग सांगा.’ तुम्ही म्हणता, मी चवथीत काकांना मदत केली, आणि तिथून घोकलेलं भाषण सुरू. मदत पहिल्या वाक्यातच संपली. सुसंगती तिथेच गेली. भाषण वर्तमानकाळातलं, कार्ड भूतकाळातलं, म्हणजे क्रियापदं घसरली. पाठ केलेलं आपण भरभर आणि सपाट बोलतो, महत्त्वाच्या शब्दावर जोर येत नाही, तो फटका उच्चारांना. मधेच ओळ विसरली की वाक्य जिथे तुटायला नको तिथे तुटतं. आणि त्यानंतर परीक्षकाने साधा प्रश्न विचारला की ‘प्लेथोरा’ म्हणणारी बाई ‘आय ॲम गो मार्केट’वर येते. ही दरी कुणालाही ऐकू येते. परीक्षक मग खरी पातळी तुमच्या स्वतःच्या वाक्यांवरून धरतो.

अडखळण्याची भीती वाटते म्हणता, तर सात बँडच्या वर्णनात थोडं अडखळणं, स्वतःचं वाक्य सुधारणं चालतं असंच लिहिलंय. उलट ठरावीक जोडशब्दांचा अतिवापर हे पाच बँडचं लक्षण दिलंय, आणि टेम्प्लेटं तर त्यांचीच बनलेली असतात.

मग तयारी करायचीच नाही का? जरूर करा, पण वाक्यांची नको, मालाची करा. माटोळीच घ्या. कागदावर फक्त एवढंच लिहा: गणपतीच्या वर बांधलेली लाकडी चौकट, बाजारात आदल्या दिवसाची गर्दी, कांगलां मिळाली नाहीत, रानातली फळं ओळखणारे काका, सुपारीचा घोस माझ्या हातातून पडला. सोबत दोन-चार शब्दांचे तुकडे: ‘हँग फ्रॉम द सीलिंग’, ‘इन सीझन’, ‘रन आउट ऑफ’. असे तुकडे खुशाल पाठ करा. इंग्रजी बोलणारेही त्यांच्यावरच बोलतात. सबंध परिच्छेद तेवढा नको.

आता तोच माल तीन कार्डांवर सांगून बघा. मदतीचं कार्ड असेल तर घोस पडला तिथून सुरू करा, सगळं भूतकाळात, आणि चवथीची माहिती एका वाक्यात उरका. ‘खूप माहिती असलेली व्यक्ती’ आली तर काका आधी, ते रोज काय करतात, रानात काय ओळखतात, म्हणजे वर्तमानकाळ, बाजार गाळा. ‘गर्दीची जागा’ आली तर बाजार आधी, काका नावापुरते. कार्डाप्रमाणे काळ बदलतो, वाक्यांची घडण बदलते, आणि व्याकरणाचा आवाका तुम्ही न दाखवताही दिसतो. पहिलं वाक्य मात्र दर वेळी त्या कार्डाचंच उत्तर हवं. तयारीला मिळणाऱ्या एका मिनिटात कागदावर असे पाच-सहा शब्द लिहा, वाक्य एकही नको.

अर्थात सगळ्या कार्डांना माटोळी पुरणार नाही. यंत्राविषयी किंवा जाहिरातीविषयी विचारलं तर ती ओढूनताणून आणू नका. तिथे साधं, थोडं अडखळत बोललेलं बरं.

आपण परत पाठांतराकडे चाललोय हे कळायला फोनवर रेकॉर्ड करा. तेच कार्ड दोन दिवसांनी पुन्हा बोला आणि दोन्ही ऐका. प्रसंग तोच, वाक्यं वेगळी असतील तर ठीक. वाक्यं शब्दशः तीच आली तर ते कार्ड आठवडाभर बाजूला ठेवा. आणि घरच्या कुणाला तरी मधेच थांबवून ‘पण काकाच का?’ असं विचारायला सांगा, मराठीत विचारलं तरी चालेल. तिसऱ्या भागात परीक्षक चार-पाच मिनिटं कार्डाच्या विषयावर असंच खोदून विचारतो, आणि त्याचा पुढचा प्रश्न बऱ्याचदा तुमच्या उत्तरातूनच निघतो.