घरबसल्या तज्ज्ञाचं उत्तर

प्रतिक्रिया: "'टच चालत नसेल तर काच काढून बघा' हा तुमचा लेख वाचून २५० रुपयांची नवी टेम्पर्ड ग्लास काढून फेकली. स्क्रीनची उजवीकडची पट्टी तरी मेलेलीच! फोन आठवड्यापूर्वी पडला होता, दोष आतला निघाला. काच न काढता ओळखायची युक्ती आधी का नाही सांगितली? शिवाय फोन स्वतःच बटणं दाबतो, त्याचं काय? घरबसल्या तज्ज्ञांचं हे असंच."

घरबसल्या? अहो, नऊ वर्षं मी दुरुस्तीच्या काउंटरवर बसलोय. फोल्डर म्हणजे टचसकट अख्खा डिस्प्ले, तो बदलून बदलून बोटांची सालं गेलीत. लेखात चूक काढा, हरकत नाही, पण माणसाला काय म्हणतो याचं भान ठेवा.

एक मान्य करतो: काच काढण्याआधीची तपासणी मी लेखात शेवटी टाकली, ती आधी हवी होती. पण होती! तिथवर वाचलं असतंत तर २५० रुपये वाचले असते.

आता त्या 'ओळखायच्या युक्ती'बद्दल. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये `Build number` सात वेळा दाबलं की `Developer options` उघडतं. त्यात `Pointer location` चालू करा आणि बोट न उचलता सावकाश नागमोडी फिरवत सगळा स्क्रीन भरा. बोटामागे रेघ उमटत जाते. माझ्या मेव्हण्याचा फोन बाइकवरून पडला, तेव्हा हेच केलं होतं. डाव्या कडेपासून बोटभर आत रेघ तुटायची, ती वरपासून खालपर्यंत एकाच सरळ रेषेत. फोन आडवा केला तरी जागा तीच. फोनच्या मूळ स्क्रीनखाली उभ्या-आडव्या पारदर्शक तारांची जाळी असते. सरळ पट्टी मेली म्हणजे त्यातल्या तारा किंवा त्यांची केबल गेली. अशा वेळी काच काढून काही होत नाही.

काचेचा दोष असा रेखीव नसतो. फक्त कडेला गोंद असलेल्या ग्लासखाली मधे हवा राहते, मग रेघ कुठेही ठिपक्याठिपक्यांनी तुटते आणि जोरात दाबलं की तिथेच चालते, कारण दाबाने ती फट मिटते. तुमची पट्टी दाबून चालली का? ते तुम्ही लिहिलंच नाहीत, दोष मात्र मला.

आपोआप दाबण्याचं म्हणाल तर चार्जर काढून बघा. थांबलं तर चार्जर बदला. नाही थांबलं, तर बहुधा फोल्डरच.

बाकी तुमच्या फोल्डरच्या खर्चाला मी जबाबदार नाही. आजकालच्या बहुतेक फोनमध्ये टच डिस्प्लेलाच चिकटून येतो, सुटा बदलता येत नाही. तोवर फोन बंद ठेवा, नाहीतर तो स्वतःच चुकीचा पिन दाबत राहील आणि कुलूप लागेल. फोटो काढून घ्यायचे असतील तर ओटीजी लावून साधा माउस जोडा. बाण दिसला की मेलेल्या पट्टीवरही क्लिक होतं.