मोठ्याने म्हटला की हळू?

वाक्प्रचारांचा अभ्यास घ्यायला ताईने मलाच बसवलं, कारण "तुझं मराठी चांगलं आहे ना", आणि हे वाक्य कानावर पडलं की समजायचं, आपली संध्याकाळ गेली. त्यात भाची गणितात हुशार, म्हणजे डोक्याला डबल ताप. तिचं म्हणणं एकच, शब्दांचे अर्थ मला येतात, ते कसे जोडायचे तेही येतं, मग वाक्याचा अर्थ निघालाच पाहिजे. आता तिला दोष तरी कसा देणार, भाषाशास्त्रात नेमकं हेच तत्त्व आहे आणि गोटलोब फ्रेगे नावाच्या जर्मन गणितज्ञाच्या नावावर ते खपतं (त्याने ते असं कुठे लिहिलंय का यावर भांडणारे लोक आहेत, ते सोडा). आणि तत्त्व खोटंही नाही, नाहीतर "निळी मांजर कपाटावर बसून हिशोब करतेय" हे जन्मात न ऐकलेलं वाक्य आपल्याला फटकन कळलंच नसतं.

पण मग येतो 'डोळा लागणे'.

"म्हणजे झोप लागणे," मी म्हटलं.

"आणि वाटेकडे डोळे लागणे?"

"आतुरतेने वाट बघणे."

"म्हणजे मामा, एक डोळा लागला तर झोप आणि दोन्ही लागले तर जागरण?"

यावर काय बोलणार, मी पान उलटलं. पुढचा होता 'राम म्हणणे', म्हणजे मरणे. तिने लगेच विचारलं, मोठ्याने म्हटला की हळू? मी हसलो खरा, पण प्रश्न एकदम बरोबर जागी लागला होता. "त्याने राम म्हटला" म्हणजे माणूस गेला. "त्याने मोठ्याने राम म्हटला" म्हणजे माणूस चांगला ठणठणीत आहे. "तो सकाळपासून राम म्हणतोय" तर भक्ती झाली, उलट "तो महिनाभर मरत होता" चालतं, दुर्दैवाने. एक साधा शब्द आत घुसवला की मेलेला माणूस उठून बसतो! म्हणजे इथे राम कशाचा आणि म्हणणं कशाचं असे वाटे पडत नाहीत, मरणाचा अर्थ अख्ख्या गाठोड्याला आहे आणि गाठ सोडली की अर्थ उडाला.

गंमत म्हणजे व्याकरणाला यातलं काहीच कळवलेलं नाही. आपण 'तो मेला' म्हणतो, पण 'त्याने राम म्हटला', तो 'ने' सुटत नाही, कारण क्रियापद म्हणणे आहे आणि त्याला कर्म आहे. म्हणजे अर्थ मरणाचा आणि प्रत्यय बोलण्याचा. व्याकरण बिचारं शब्द मोजून आपलं काम करून मोकळं होतं.

मला वाटलं आता सगळे वाक्प्रचार असेच गाठोडी आहेत असं सांगून सुटावं, घोका आणि झोपा. तेवढ्यात पुढचा निघाला 'पाणी मुरणे', आणि पोरीने परत तोडफोड सुरू केली. कुठे मुरतंय पाणी? चालतं. बरंच पाणी मुरतंय? चालतं. हे पाणी आधीपासून मुरतंय, तेही चालतं, आणि प्रत्येक वेळी संशय शाबूत! म्हणजे इथे वाटे पडतात, पाणी म्हणजे गडबड आणि मुरणं म्हणजे ती आतल्या आत चालू राहणं, आणि एवढं मान्य केलं की बाकीची बेरीज फ्रेगेच्या नियमाने बिनबोभाट होते. फक्त हे पाणी मुरण्याबरोबरच गडबड असतं. 'ऑफिसात खूप पाणी झालंय' म्हटलं तर लोक नळ बघायला जातील. १९९४ साली नुनबर्ग, सॅग आणि वॉसो या तिघा भाषाशास्त्रज्ञांनी इंग्रजी वाक्प्रचारांत हाच फरक दाखवला होता, काही गाठोड्यासारखे अख्खे आणि काहींचे तुकडे स्वतःचा छुपा अर्थ घेऊन फिरणारे. मला हे पटतं, पण 'डोळा लागणे' कुठल्या ढिगात टाकायचा ते मला विचारू नका. 'मस्त डोळा लागला' म्हणता येतं, पण 'मस्त' तिथे डोळ्याला नाहीच, झोपेला आहे.

शेवटी 'राम म्हणणे'चा वाक्यात उपयोग करायचा होता. माणूस कर्ता घेतला की दोन अर्थ निघतात, एक मेलेला आणि एक जप करणारा, त्यामुळे तिने डोकं लावून बोलूच न शकणारा कर्ता शोधला आणि लिहिलं, "आमच्या रिमोटने राम म्हटला." याहून पक्कं वाक्य मला तरी सुचलं नसतं, दुसरा अर्थ निघायला जागाच नाही. बाईंनी त्यावर लाल पेनाने लिहिलं, 'निर्जीव वस्तू मरत नाहीत', आणि खाली पालकांची सही मागितली, ती ताईने मला करायला लावली.