‘फॉर्म भरला की डॉक्टरवर केस’ म्हणे! औषधाच्या रिअॅक्शनवरचं ते फॉरवर्ड

“*सर्वांना पाठवा* औषधाची रिअॅक्शन आली तर सरकारी फॉर्मच्या नादी लागू नका!! १) फॉर्म भरला की डॉक्टरवर केस होते, तुम्हाला साक्षीला बोलावतात. २) त्याच गोळीने झालं हे आधी टेस्ट करून सिद्ध करावं लागतं. ३) एका फॉर्मने काय होणार, फाईल पडून राहते. ४) मेफेनॅमिक अॅसिडचा अलर्ट आला होता ना? गोळी अजून मेडिकलला मिळते. सब मॅनेज है.”

हे आमच्या फॅमिली ग्रुपवर मामीनेच टाकलं आणि खाली विचारलं, “मग आपलं राहू दे का रे?” मामा नुकतेच हॉस्पिटलमधून घरी आलेले, अंगावरची सालं अजून निघतायत, आणि मी आदल्याच दिवशी मामीला फॉर्म पाठवलेला. मी मेडिकल कॉलेजच्या एडीआर सेंटरमध्ये काम करतो, लोकांच्या रिअॅक्शनचे फॉर्म तपासणं हीच माझी नोकरी, त्यामुळे डोकं जरा जास्तच फिरलं. असो.

पहिला मुद्दा दोन मिनिटांत संपतो. या फॉर्मचा पोलिसांशी, कोर्टाशी, मेडिकल कौन्सिलशी काही संबंध नाही. फॉर्मवर छापलेलंच आहे की माहिती गोपनीय राहते आणि रिपोर्ट दिला म्हणजे डॉक्टरची, कंपनीची किंवा औषधाची चूक मान्य केली असं होत नाही. पेशंटचं पूर्ण नावसुद्धा लागत नाही, आद्याक्षरं चालतात. आणि उलटंही खरं आहे, ज्यांना भरपाई हवी किंवा डॉक्टरला धडा शिकवायचाय त्यांना या फॉर्मने काहीही मिळणार नाही, त्यासाठी ग्राहक आयोग वगैरे वेगळे रस्ते आहेत.

खरा राग मला दुसऱ्या मुद्द्याचा येतो, कारण तो नुसता चुकीचा नाही, धोकादायक आहे.

मामांचंच उदाहरण घ्या. युरिक अॅसिड वाढलं, अंगठा सुजला म्हणून ३ जूनला अॅलोप्युरिनॉल सुरू झालं. तीन आठवडे एकदम ठीक. २८ जूनला ताप. दोन दिवसांनी डोळ्यांखाली आणि गालावर सूज, मामी म्हणाली जागरणाने असेल. १ जुलैला जवळच्या डॉक्टरांनी तापासाठी अॅमॉक्सिसिलिन दिलं आणि २ तारखेला छातीवर लाल पुरळ, जे बघता बघता पोटावर, पाठीवर पसरलं. आता घरातल्या सगळ्यांनी काय म्हणावं? “अँटिबायोटिकची रिअॅक्शन!” साहजिक आहे, काल गोळी घेतली आणि आज पुरळ आलं. अॅलोप्युरिनॉलवर कुणालाच संशय नव्हता, ती तर महिनाभर चालू होती ना, बाधायची असती तर आधीच नसती बाधली? म्हणून ती आणखी दोन दिवस चालूच राहिली.

४ तारखेला अॅडमिट केलं तेव्हा रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी २४०० होत्या (५०० पर्यंत ठीक धरतात) आणि लिव्हरचे एन्झाइम बरेच वर. स्किनच्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी कॅलेंडर मागितलं. या आजाराला ड्रेस सिंड्रोम म्हणतात. ताप, पुरळ, चेहऱ्यावर सूज, वाढलेले इओसिनोफिल आणि सोबत लिव्हर किंवा किडनीला मार, असं त्याचं रूप असतं, आणि त्यातली मेख म्हणजे ते औषध सुरू केल्यावर लगेच येत नाही, साधारण दोन ते आठ आठवड्यांनी येतं. ताप आणि सूज दोन्ही अँटिबायोटिकच्या आधीचे आहेत, अॅलोप्युरिनॉल सुरू करून पंचवीस दिवस झालेले, आणि अॅलोप्युरिनॉल हे ड्रेसच्या ओळखीच्या कारणांपैकी एक आहे. ते बंद केलं, स्टेरॉइड दिलं, हळूहळू उतरलं. गोळी बंद केल्यावर लगेच सगळं शांत होतं असंही नाही, मध्ये एकदा ताप परत चढला होता.

आता फॉरवर्डवाल्यांना विचारतो, हे “सिद्ध” कसं करायचं? पक्कं ठरवायचा एकच रोकडा मार्ग म्हणजे मामा बरे झाल्यावर तीच गोळी परत द्यायची आणि परत होतं का बघायचं. ड्रेसमध्ये असं केलं तर माणूस जाऊ शकतो. कुठलाही शहाणा डॉक्टर हे करणार नाही, आणि म्हणूनच फॉर्म पुरावा मागत नाही, संशय मागतो. चार गोष्टी असल्या की रिपोर्ट ग्राह्य: कोणाला झालं, काय झालं, कुठल्या औषधाचा संशय आहे आणि कळवतंय कोण. बाकी जितकं द्याल तितकं चांगलं.

ठरवायचं काम आमचं. आम्ही तारखा लावतो, औषध बंद केल्यावर फरक पडला का बघतो, दुसरं कारण बसतं का बघतो, आणि मग पक्कं, बहुधा, शक्य, असंभवनीय अशा ठरलेल्या पायऱ्यांपैकी एक देतो. मामांच्या केसमध्ये अॅलोप्युरिनॉलला “बहुधा” बसेल. “पक्कं” नाही. आणि “बहुधा” पुरतं. हो, अॅमॉक्सिसिलिनही फॉर्ममध्ये लिहायचंच, घरच्यांनी आपल्या मनाने गाळायचं नाही. आयुर्वेदिक काढा, जिमची पावडर, ऑनलाइन मागवलेलं काहीतरी, तेही लिहा. माझ्याकडे येणाऱ्या फॉर्ममध्ये सगळ्यात जास्त काय राहून जात असेल तर तारखा. “बऱ्याच दिवसांपासून चालू” असं लिहिलेलं असतं. वर बघितलंत ना, तारखा नसत्या तर दोष सरळ अँटिबायोटिकवर गेला असता, आणि मामांनी पुढच्या अंगठेदुखीला अॅलोप्युरिनॉल परत घेतलं असतं.

तिसऱ्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. एका फॉर्मने सहसा काही हलत नाही, आणि फॉर्म भरणाऱ्याला पुढे काय झालं हे बहुतेकदा कळतही नाही, ही आमच्या सिस्टिमची कमतरता आहे, त्यावर पांघरूण घालत नाही. पण पडून राहतो हे खोटं. फॉर्म आमच्यासारख्या सेंटरमधून गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे जातो, देशाचं सगळं काम तिथून चालतं, आणि पुढे स्वीडनमधल्या उप्सालाच्या जागतिक डेटाबेसमध्ये, जिथे तीन कोटींहून जास्त रिपोर्ट आहेत.

तिथे रिपोर्ट नुसते मोजत नाहीत, तुलना करतात. समजा डेटाबेसमध्ये एकूण एक लाख रिपोर्ट आहेत आणि त्यात ड्रेसचे शंभर, म्हणजे हजारात एक. आता एका औषधाचे सगळे मिळून पाचशे रिपोर्ट आलेत, तर त्यात ड्रेसचे अर्धा-एक असायला हवेत. निघाले चार. मग कुणीतरी ते चारही फॉर्म उघडून ओळ न् ओळ वाचतं, आणि त्या चारांपैकी दोघांत तारखाच नसतील तर गाडं तिथेच अडतं. समजलं का एका नीट भरलेल्या फॉर्मचं वजन किती?

आणि हे औषध बाजारात यायच्या आधीच का नाही कळत? कारण दहा हजारात एकाला होणारी गोष्ट ट्रायलमध्ये निदान एकदा तरी दिसेल अशी खात्री हवी असेल तर साधारण तीस हजार लोकांना औषध द्यावं लागतं. ट्रायल बहुतेक काहीशे ते काही हजार लोकांवर होतात. दुर्मिळ रिअॅक्शन विक्री सुरू झाल्यावरच दिसते, आणि ती दिसते तुम्हालाच. २००६ मध्ये १२ देशांतल्या ३७ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात मधला आकडा असा की १०० रिअॅक्शनपैकी ९४ कुठेच कळवल्या जात नाहीत. फायली पडून नाहीत हो, फायली तयारच होत नाहीत.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. रिपोर्टवरून “इतक्या टक्के लोकांना होतं” असं काढता येत नाही, कारण गोळी एकूण किती जणांनी घेतली हे माहीत नसतं. टीव्हीवर बातमी आली की त्या औषधाचे रिपोर्ट अचानक फुगतात, तेही लक्षात घेऊनच वाचावं लागतं.

चौथा मुद्दा. इंडियन फार्माकोपिया कमिशनचा ३० नोव्हेंबर २०२३ चा तो अलर्ट खरा आहे, पण फॉरवर्ड करणाऱ्याने तो वाचलेला दिसत नाही. त्यात लिहिलं होतं की आपल्याकडच्या रिपोर्टच्या प्राथमिक विश्लेषणात मेफेनॅमिक अॅसिडसोबत ड्रेस सिंड्रोम दिसला आहे, डॉक्टरांनी आणि पेशंटनी लक्ष ठेवावं, आणि असं काही आढळलं तर कळवावं. बंदी हा शब्दच नव्हता, आणि नसावाही. पाळीच्या दुखण्यावर, दातदुखीवर, तापावर हे औषध देशात किती घरांत असतं ते सांगायला नको, आणि बहुतेकांना त्याने काही होत नाही. अलर्टमुळे बदलतं ते हे की पाळीची गोळी घेऊन पंधरा-वीस दिवसांनी एखादी मुलगी ताप, पुरळ आणि सुजलेला चेहरा घेऊन आली तर डॉक्टर “व्हायरल असेल” म्हणून घरी पाठवण्याआधी विचारतात, मागच्या महिन्यात कुठली गोळी घेतली होती? आणि तो अलर्ट निघाला कशातून? लोकांच्या, डॉक्टरांच्या, नर्सच्या याच फॉर्ममधून. जे फॉरवर्ड फॉर्म भरू नका म्हणतं तेच फॉर्ममधून निघालेल्या गोष्टीचा दाखला देतंय, काय बोलायचं.

एक मात्र नीट वाचा. श्वास अडकतोय, तोंड-डोळ्यांत फोड आलेत, कातडी सुटतेय किंवा पुरळासोबत ताप आणि चेहऱ्यावर सूज आहे तर आधी हॉस्पिटल, फॉर्म नंतर, आठवड्याने भरला तरी चालतो. आणि फिटच्या किंवा हार्टच्या गोळ्या फॉरवर्ड वाचून आपल्या मनाने बंद करू नका, आपल्या डॉक्टरला फोन करा.

फॉर्म पेशंट आणि घरचेही भरू शकतात, सामान्य लोकांसाठीचा वेगळा फॉर्म आहे आणि तो मराठीतही मिळतो. नाहीतर टोल फ्री १८००-१८०-३०२४ वर कामाच्या दिवशी सकाळी ९ ते संध्याकाळी ५:३० मध्ये फोन करा. फोन करताना रिकामी असली तरी स्ट्रिप हातात ठेवा, म्हणजे नाव, डोस आणि बॅच नंबर वाचून सांगता येईल. मामी, स्ट्रिप मामांच्या औषधांच्या डब्यात खाली आहे, अॅमॉक्सिसिलिनचीपण, टाकून देऊ नकोस.