परदेशी पान कसं लावावं

वर्तमानपत्राच्या परदेशी पानावर पहिल्यांदाच बसणार असाल तर अजिबात घाबरू नका. महाप्याच्या एमआयडीसीत, गळक्या एसीखाली बसूनसुद्धा हैतीवर अधिकारवाणीने लिहिता येतं. मी किती वर्षं लिहितोय, आणि हैती नकाशात शोधायला मला अजूनही मिनिटभर लागतं.

एजन्सीची कॉपी आली की पहिल्या दोन-तीन परिच्छेदांत 'पश्चिम गोलार्धातला सर्वांत गरीब देश' ही ओळ सापडेल. तिला हात लावू नका, ती हैतीचं आडनाव आहे. तो गरीब कसा झाला हे सांगायला मात्र जाऊ नका, जागा फार खातं. तिथल्या गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये फ्रान्सपासून स्वातंत्र्य मिळवलं. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून भरपाई मागितली, १५ कोटी फ्रँक. ही भरपाई गुलामांना नव्हे, मळे आणि गुलाम गमावलेल्या मालकांना. पुढे रक्कम ९ कोटींवर आली, पण ती फेडायला हैतीने फ्रान्सच्याच बँकांकडून कर्ज काढलं आणि त्या कर्जांची शेपटं १९४७ पर्यंत वळवळत राहिली. एवढं सगळं चौकटीत बसवलंत, तर नेमकी तिथेच दागिन्यांची जाहिरात येते. आडनाव बरं.

आता क्रियापदं. या कामात मराठीसारखी सोयीची भाषा नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये हैतीत कॉलरा आला. बघा, 'आला', पावसासारखा. 'साथ पसरली', 'लागण झाली', 'बळी गेले' असं लिहीत जा. कर्ता विचारायला कुणी येत नाही. भूकंपाला नऊ महिने झालेले, माणसं तंबूत, म्हणजे घाण असणारच, हे वाचकाच्या मनात आधीच छापलेलं असतं. तिथे शंभरेक वर्षांत कॉलऱ्याची नोंद नव्हती, हा तपशील मात्र गाळावा. तो राहिला की 'मग आता कुठून आला?' असं वाचक विचारतो.

मीरबाले गावाजवळचे लोक नेमकं हेच विचारत होते. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा तळ होता. तळावरची घाण ओढ्यात जाते आणि ओढा आर्तिबोनीत नदीला मिळतो, हे गावकरी पहिल्या दिवसांपासून बोट दाखवून सांगत होते. त्या नदीचं पाणी लोक पितात. प्रवक्त्यांनी आधी इन्कार केला. म्हणून आमच्या पानात इन्कार वर, प्रवक्त्याच्या नावा-हुद्द्यासकट. आणि गावकरी सगळ्यात खाली, 'स्थानिकांचा आरोप' म्हणून, बिननावाचे. बातमी खालून कापायची असते, हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतील. रात्री साडेअकराला चार ओळी जास्त झाल्या तर काय उडतं, हे वेगळं सांगायला नको. यात कुणाचं वाईट चिंतलेलं नसतं. कात्री तिथेच पोचते, एवढंच.

जंतूंच्या जनुकीय तपासणीत गावकऱ्यांचं म्हणणं खरं निघालं. जंतू नेपाळमधल्या जंतूंशी जुळले. तळावरची तुकडी नेपाळचीच होती. इथे उत्साहाच्या भरात 'नेपाळी सैनिकांनी आणला कॉलरा' असा मथळा देऊन टाका. एका गरीब देशाचं खापर दुसऱ्या गरीब देशावर फोडलं की मधलं कार्यालय आपोआप दिसेनासं होतं. सैनिकांची तपासणी न करता तुकडी पाठवली कुणी, मैल्याची व्यवस्था होती कुणाच्या अखत्यारीत, याचा मथळा दोन कॉलमांत बसत नाही.

सुमारे आठ लाख माणसं आजारी पडली, दहा हजारांच्या आसपास गेली. पीडितांनी न्यूयॉर्कच्या कोर्टात संयुक्त राष्ट्रांवर दावा लावला, तो संघटनेला असलेल्या कायदेशीर संरक्षणाच्या मुद्द्यावर निकालात निघाला. डिसेंबर २०१६ मध्ये सरचिटणीस बान की-मून यांनी माफी मागितली. ती बातमी मीच लावली होती. सिंगल कॉलम, पान ९.

आमच्या विटाव्यातल्या शेजारच्या काकांचं सांगतो आणि थांबतो. पालिकेच्या पाणीखात्यात जन्म गेला त्यांचा. एका पावसाळ्यात परदेशी चॅनलवाले आले. काकांनी टेबलावर नकाशा पसरून त्यांना पाऊण तास समजावलं: भरतीच्या वेळी खाडीचं पाणी नाल्यात उलटं कसं शिरतं, भरावाने कुठली वाट बुजली. दाखवलं काय, तर चार सेकंद बनियनवर बादलीने पाणी उपसणारे काका. बोलायला लंडनमधले कुणी तज्ज्ञ.

"अरे, तुमच्या लायनीतले ना ते?" काका म्हणाले. "निदान नाव तरी टाकायचं."

मी म्हटलं, "काका, जागेचा प्रश्न असतो." आणि ड्युटीवर गेलो.