घड्याळाचा सेल बदलायचे ८५० रुपये कसे झाले: दुकानाकडून उत्तर

★☆☆☆☆
"फक्त सेल बदलायचा होता. ६०० सांगून ८५० घेतले, तेही दुसऱ्या दिवशी. स्वारगेटला रस्त्यावर हेच काम ८० रुपयांत पाच मिनिटांत होतं, मार्चमध्ये मी तिथेच करून घेतलं होतं. इथे मुलगा काचेवर पाण्याचा थेंब टाकून बघत बसला होता! घड्याळावर ५ बार छापलंय आणि पावतीवर यांनी ३ बार लिहून दिलं. मी काही पाणबुड्या नाही, कसली प्रेशर टेस्ट? पैसे काढायचे धंदे."

नमस्कार साहेब. दुकानाचा मालक लिहितोय.

आधी आमची चूक. ६०० सांगितले होते, तर वरच्या २५० साठी तुम्हाला फोन करून विचारायला हवं होतं. काम योग्य होतं, पण न विचारता केलं. ते २५० रुपये परत घेऊन जा, पावती नसली तरी चालेल. बाकी जे लिहिलंय त्यावर मात्र मला बोलायचंय, कारण तुमचं घड्याळ मी स्वतः उघडलं होतं.

घड्याळ काउंटरवर आलं तेव्हा सहाच्या आकड्याजवळ काचेला आतून धुकं होतं. तुम्ही म्हणालात, "ते येतं-जातं, सेलचं बघा." धुकं येत-जात असेल तर पाणी आतच आहे, फक्त जागा बदलतंय. ऊन लागलं की त्याची वाफ होते, आणि पावसात गाडीवर काच गार पडली की तिच्यावर थेंब धरतात. म्हणून मुलाने फक्त सेल बदलून घड्याळ परत दिलं नाही.

तुमच्या घड्याळाचं पाठचं झाकण आट्यांचं नाही, दाबून बसवायचं आहे. असं झाकण उघडायला कडेला एक छोटी खाच असते, पातळ सुरी तिथेच घालायची. तुमच्या झाकणावर खाच सोडून तीन ठिकाणी खरवडल्याच्या खुणा होत्या. तेवढ्याने काही बिघडत नाही, दिसायला वाईट इतकंच. खरा घोळ आत होता. झाकणाखाली रबराची एक बारीक रिंग असते, ओ-रिंग म्हणा किंवा गॅस्केट. ती तीनच्या बाजूला, चावीच्या दांडीजवळ, खोबणीतून बाहेर येऊन झाकणाखाली चेपली होती आणि अर्धी कापली गेली होती. आणि ही गोष्ट बाहेरून कळत नाही. झाकण 'टक्' करून बसतं, हाताला सपाट लागतं, काटे फिरतात, गिऱ्हाईक खूश. मार्च ते मे पुण्यात हवा कोरडी, त्यामुळे काही दिसलं नाही. जूनमध्ये पाऊस लागला आणि धुकं धरलं.

रिंग अशी का चेपते? जुनी रिंग वर्षानुवर्षं दाबाखाली राहून चपटी आणि कडक झालेली असते. झाकण निघालं की ती थोडी ताणली जाते आणि मग खोबणीत पुरती मावत नाही. तिला कोरडीच ठेवून वरून अंगठ्याने झाकण रेटलं, की जिथे ती वर आलेली असेल तिथे कापली जाते. नवी रिंग व्यासाने आणि जाडीने बरोबर मापाची लागते. जाड झाली तर झाकण बसत नाही, बारीक झाली तर बसतं पण रबर दबतच नाही, आणि दबल्याशिवाय ते पाणी अडवत नाही. मापाची रिंग शोधण्यातच माझा निम्मा वेळ जातो. खोबणी लाकडी काडीने साफ करायची, कारण जुना मळ किंवा एखादा केसही पाण्याला वाट करून देतो. मग रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात. ग्रीसमुळे रबर न पिळवटता जागेवर सरकतं. ग्रीस जास्त झालं तर ते मशीनकडे ओघळतं, म्हणून बोटाने थापायचं नाही.

झाकण दाबायचीही पद्धत आहे. प्रेसमध्ये काचेच्या बाजूला नायलॉनचा असा साचा लावतात, की सगळा जोर केसच्या कडेवर येईल, काचेवर नाही. साचा लहान लागला की काच तडकते. दर पावसाळ्यात अशी दोन-तीन घड्याळं माझ्याकडे येतात आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, "सेल टाकेपर्यंत काच चांगली होती हो."

आता सेल. तुमच्या मशीनला ३७७ नंबरचा सिल्व्हर ऑक्साइड सेल लागतो, ६.८ मिलिमीटर व्यासाचा आणि २.६ जाडीचा. त्या जागी त्याच मापाचा एजी ४ बसवलेला होता. तो अल्कलाइन, छोट्या खेळण्यांत असतो तसला. चालतो, नाही असं नाही. पण सिल्व्हर ऑक्साइड जवळपास शेवटपर्यंत १.५५ व्होल्ट धरून ठेवतो आणि मग एकदम संपतो, तर अल्कलाइनचे व्होल्ट पहिल्यापासून हळूहळू उतरत जातात. तुमचं घड्याळ चार महिन्यांत थांबलं ते यामुळेच. शिवाय स्वस्त अल्कलाइन संपल्यावर लवकर पाझरतो. तुमच्या सेलच्या कडेला पांढरी भुकटी यायला लागली होती. हा क्षार तांब्याला खातो, आणि मशीनमधली कॉइल म्हणजे केसाहून बारीक तांब्याची तार असते. सेलच्या शेजारीच असते. तिच्यापर्यंत क्षार पोचला, किंवा सेल उचकटताना स्क्रू ड्रायव्हर घसरून ती तुटली, की बहुतेक वेळा अख्खं मशीन बदलावं लागतं. तुमची कॉइल मीटरवर चांगली निघाली. संपलेला सिल्व्हर ऑक्साइडही घड्याळात वर्षभर पडून राहिला तर पाझरतो, हेही सांगून ठेवतो. घड्याळ बंद पडलं की ते कपाटात टाकू नका.

रस्त्यावरच्या माणसाला मी शिव्या देत नाहीये. माझे वडील मंडईबाहेर पेटी घेऊन बसायचे, मी तिथेच शिकलो. भिंतीवरचं घड्याळ असेल, किंवा वॉटर रेझिस्टंट नसलेलं साधं मनगटी, तर रस्त्यावर बदला, फक्त सेल कोणता टाकतोय ते विचारा. पण ज्या घड्याळावर पाण्याच्या दाबाचे बार किंवा मीटर छापलेत त्याचं झाकण उघडलं, की ते छापलेलं तिथेच संपतं. पुन्हा बंद करून तपासेपर्यंत त्या आकड्याला अर्थ नसतो.

म्हणून टेस्ट. पाणबुड्यांसाठी नाही, हात धुण्यासाठी आणि गाडीवरच्या पावसासाठी. उन्हात तापलेलं घड्याळ अचानक गार पाण्याखाली आलं की आतली हवा आकसते आणि फटीतून पाणी आत ओढलं जातं. त्याला खोल पाणी लागत नाही.

आमची पहिली टेस्ट कोरडी असते, पाणी नाही, फक्त हवा. घड्याळ छोट्या डब्यात ठेवून काचेला एक बारीक सुई टेकवतात आणि डब्यातली हवा काढून घेतात किंवा आत भरतात. दाब बदलला की काच काही मायक्रॉन वाकते. घड्याळ घट्ट बंद असेल तर काच वाकलेलीच राहते. कुठे फट असेल तर हवा आत-बाहेर होऊन ती हळूहळू मूळ जागी येते, आणि टेस्टर 'फेल' म्हणतो. आम्ही आधी हवा काढून, उणे ०.७ बारवर बघतो, मग ३ बारवर. पुष्कळ जण नुसता मोठा दाब देतात. पण मोठ्या दाबाखाली झाकण उलट रबरावर घट्ट दाबलं जातं आणि बारीक फट लपते. हलक्या दाबावर ती सापडते.

तुमचं घड्याळ नवी रिंग घालूनही उणे ०.७ ला फेल गेलं. दुसरा दिवस लागला तो इथे. गळती कुठे आहे ते कोरड्या टेस्टमध्ये कळत नाही. मग मशीन बाहेर काढून ठेवलं, रिकामी केस चावीसकट बंद केली आणि पाण्याच्या टेस्टरमध्ये टांगली. यात केस आधी पाण्याच्या वर, हवेत असते. दाब ३ बारपर्यंत वाढवून काही मिनिटं थांबतो. फट असली तर तेवढ्यात हवा केसमध्ये शिरते. मग केस पाण्यात सोडून दाब हळूहळू कमी करायचा, आणि शिरलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. जिथून बुडबुडे, तिथे फट. तुमच्या केसमधून झाकणाकडे एकही बुडबुडा नव्हता, चावीच्या मुळाशी मात्र टाचणीच्या टोकाएवढ्या बुडबुड्यांची माळ लागली होती. दाब पूर्ण उतरायच्या आत केस वर घ्यायची, नाहीतर बुडबुडे थांबले की त्याच वाटेने पाणी आत जातं. चावीच्या आतली रबराची रिंग झिजली होती आणि दांडीवर गंज होता. चावी बदलली. तुमचे २५० ते हेच. हा दोष रस्त्यावरच्या माणसाचा नाही, आठ वर्षं वापरलेल्या घड्याळाचा आहे.

आणि तो पाण्याचा थेंब. सगळं वाळवून, मशीन बसवून, दोन्ही दाबांवर पास झाल्यावर घड्याळ ४० ते ४५ डिग्रीच्या गरम पाटीवर ठेवतात. ते तापलं की काचेवर साध्या पाण्याचा एक थेंब सोडून मिनिटभर थांबायचं आणि पुसायचं. आत ओलावा राहिला असेल तर थेंबाखाली गार झालेल्या काचेला आतून धुकं धरतं. मुलगा ते बघत होता. धुकं धरलं असतं तर तुम्हाला आणखी एक दिवस थांबवलं असतं.

५ चे ३ का? काच बसवलेलं रबर कंपनीचंच आहे, आठ वर्षं जुनं. ते मी बदललं नाही आणि ५ बारला टेस्टही केली नाही. जे तपासलं तेच पावतीवर लिहिलं. हात धुवा, पावसात भिजा, पण हे घड्याळ घालून पोहायला जाऊ नका. चावी ओढलेली ठेवून भिजलात तर ३ बारही विसरा. पुढच्या वर्षी मे महिन्यात एकदा आणून दाखवा. नुसती कोरडी टेस्ट असेल तर झाकण उघडावं लागत नाही, दहा मिनिटांचं काम आहे.

तुमची कापलेली रिंग, तो एजी ४ आणि जुनी चावी, तिन्ही पुडीत बांधून ठेवलंय. २५० घ्यायला याल तेव्हा भिंगाखाली दाखवतो. सोमवारी दुकान बंद असतं.