अंगठ्याखालची तारीख

उभी हयात सांगलीच्या कोर्टात आवक-जावकच्या टेबलावर काढली. माझ्याकडे सनद नाही, काळा कोट नाही, आणि कोर्टापुढे उभं राहायची वेळ आलीच तर ती फक्त साहेबांनी फाईल मागितली म्हणून. पण नातेवाईकांच्या लेखी मी 'कोर्टातला माणूस'. त्यामुळं कुणाकडं कागद आला की त्याचा फोटो माझ्याकडं येतो. नुसता फोटो. वर 'नमस्कार' नाही, खाली 'काय करू' नाही. लग्नपत्रिका पाठवताना हीच माणसं 'सहकुटुंब सहपरिवार'पासून सुरुवात करतात.

परवा तासगावकडच्या भाच्याचा फोटो आला, रात्री अकराला. कागद तिरका, वर ट्यूबलाईटचा पांढरा पट्टा, कोपऱ्यात चहाच्या कपाचा कान. मोठा करून बघितला. वरती वकिलाचं नाव, पत्ता, फोन. जीव थोडा खाली आला. मी आधी कागदाचं डोकं बघतो. तिथं कोर्टाचं नाव, केस नंबर आणि शिक्का असेल तर ते समन्स, म्हणजे प्रकरण कोर्टात पोचलं. वकिलाचं लेटरहेड असेल तर ती नोटीस. कोर्ट अजून लांब आहे. पण लांब म्हणजे किती लांब, ते तारखेवर. आणि तारखेवर नेमका भाच्याचा अंगठा होता. द्राक्षबागेत औषध मारून काळपट झालेला, ऐसपैस अंगठा.

"तारीख दिसत नाही," मी लिहिलं. त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

"मागचं पान?" आणखी दोन हात.

शेवटी फोन लावला. "मामा, तुम्ही झोपला न्हाई व्हय?" म्हणाला. अकरा वाजता मला नोटीस पाठवून हा माझ्या झोपेची चौकशी करतो.

मग एकेक पान नीट मागवलं. नोटिशीची भाषा ठरलेली असते. 'माझे अशिलांच्या सांगण्यावरून व त्यांनी दिलेल्या माहितीवरून तुम्हांस कळविण्यात येते की...' इथून निघालेलं वाक्य पान संपलं तरी टेकत नाही. मधेच 'लबाडीने', 'फसवणुकीच्या उद्देशाने', आणि शेवटी 'होणाऱ्या बऱ्यावाईट परिणामांस तुम्ही जबाबदार राहाल, तसेच नोटीस खर्च तुमचेवर बसविला आहे'. 'लबाड' वाचून भाचा हबकला होता. त्याला म्हटलं, हे शब्द सगळ्यांनाच लावतात, मनावर घेऊ नको. मनावर घ्यायचे आकडे वेगळे आहेत, ते आपण शोधू.

आकडे असे निघाले. औषध दुकानाची उधारी, त्यापोटी दिलेला 1 लाख 85 हजारांचा चेक. 12 जूनला तो बँकेतून परत आला; शेरा, खात्यात पुरेसे पैसे नाहीत. (व्यापाऱ्यानं द्राक्षाचे पैसे दिले नव्हते, ते आमच्याकडं हवामानाइतकंच नेहमीचं.) 24 जूनची नोटीस. चेक परत आल्याचं बँकेनं कळवल्यापासून तीस दिवसांत ती पाठवावी लागते, ते दुकानदारानं पाळलं होतं. पुढं मागणी : नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत चेकची रक्कम द्या, नाहीतर कलम 138 प्रमाणं फौजदारी.

आणि आज 9 जुलै. तेव्हा मला कळलं फोटो आजच का आला ते. पठ्ठ्यानं नोटिशीवरच्या तारखेपासून पंधरा दिवस मोजले होते, ते आज रात्री बारा वाजता संपत होते. चावडीवर एकानं सांगितलं होतं, "नोटिशीला कोण विचारतंय, फाडून टाक." म्हणून इतके दिवस तो गप्प, आणि आता तासाभरासाठी त्याला मामा आठवला होता.

"नोटीस हातात कधी आली?"

"ते पाकिटावर असंल की."

"पाकीट कुठाय?"

पलीकडं कुजबुज झाली. पाकिटावर सूनबाईंनी दुधाचा हिशेब मांडला होता, सकाळ-संध्याकाळ लिटरप्रमाणं. म्हणून तर ते वाचलं. त्या हिशेबातून वाट काढत पोस्टाचा शिक्का आणि नंबर सापडला. नंबर पोस्टाच्या साईटवर टाकला : 30 जूनला पोच. मुदत मिळाल्यापासून धरायची, मिळाल्याचा दिवस सोडून. म्हणजे 1 जुलै पहिला, 15 जुलै पंधरावा. भाच्याकडं अजून सहा दिवस होते.

"म्हंजे फाडली असती तरी चाललं असतं म्हणा!"

नसतं चाललं. पोस्टमनला परत पाठवलं, घेतली नाही, फाडली, तरी साधारणपणे ती पोचली असंच धरतात. पंधरा दिवसांत पैसे दिले तर हा गुन्हा पुरा होत नाही. नाही दिले तर सोळाव्या दिवशी दारात पोलीस येत नाहीत. दुकानदाराला महिन्याच्या आत स्वतः कोर्टात फिर्याद द्यावी लागते, मग समन्स निघतं. पण एकदा ते सुरू झालं की दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, एवढी कायद्यात तरतूद आहे. म्हणून हे सहा दिवस मोलाचे.

"मग मी काय करू मामा?"

इथं माझी जीभ आवरते. 'कागदात काय लिहिलंय' हे मी सांगतो. 'तू काय कर' हे सांगायला सनद लागते. मी सहज 'बघू की' म्हणालो तर उद्या गावभर 'कोर्टातले मामा म्हणाले केस होत न्हाई' असं फिरेल, आणि पंधरावा दिवस गुपचूप निघून जाईल. म्हटलं, उद्या सकाळी वकील गाठ. पाकीट, नोटिशीची सगळी पानं, दुकानाची बिलं, बँकेचा उतारा सोबत ने.

"बिलं हायत. आणि मधे चाळीस हजार फोनवरनं टाकलेत, ते बी दाखवू का?"

मी उठून बसलो. "कधी टाकलेस?"

"मे महिन्यात. चेक देऊन झाल्यावर."

नोटिशीत त्या चाळीस हजारांचा उल्लेखच नव्हता. चेक दिल्यानंतर आणि तो बँकेत टाकायच्या आधी काही रक्कम दिली असेल, चेकवर तशी नोंद नसेल आणि तरी पुऱ्या रकमेचा चेक वटवायला टाकला असेल, तर 138 टिकतं का, यावर सुप्रीम कोर्टाचा 2022 चा निकाल आहे. तो चेक देणाऱ्याच्या बाजूनं जातो. तुझ्या बाबतीत लागू पडतो की नाही ते वकील ठरवतील, मी नाही. पण ही गोष्ट त्यांना पहिल्या वाक्यात सांग, उठता उठता नको. माणसं वकिलापुढं पाऊण तास द्राक्षाच्या भावावर बोलतात आणि मुद्द्याची गोष्ट चप्पल घालताना सांगतात.

सकाळी गेला. वकिलांनी फोनवरच्या व्यवहाराची नोंद बघितली, बिलं लावली, आणि चाळीस हजारांचा उल्लेख करून लेखी उत्तर द्यायचं म्हणाले. लढायलाही जागा आहे, असंही म्हणाले. भाचा मात्र हिशेब करून आला होता. ऑक्टोबर छाटणीला औषधं त्याच दुकानातून उधार घ्यायची. तिथं खटला घालून कसं जमायचं? वकिलांनी मग दोघांना समोरासमोर बसवलं. उरलेले 1 लाख 45 हजार 14 जुलैला बँकेतून दुकानदाराच्या खात्यात गेले, 'येणे बाकी नाही' असं दुकानदारानं सहीनिशी लिहून दिलं, जुना चेक परत आला.

तो चेक खिशात घालून भाच्यानं त्याच बैठकीत छाटणीच्या औषधांची यादी पुढं केली. दुकानदारानं यादी वाचली, चष्मा सारखा केला आणि म्हणाला, "देतो की. तेवढा एक सहीचा कोरा चेक ठेवून जा."

आणि त्यानं दिला.